लेग पीस आतून शिजलाय का? थर्मामीटर नसताना चिकन तपासायची पद्धत

मुंबईत नोकरीसाठी आलेली, तिघंचौघं मिळून भाड्याने राहणारी मुलंमुली रविवारी पहिल्यांदा चिकन करायला घेतात ना, तेव्हा वाटण, मसाला, मीठ हे सगळं आईला फोन करून विचारून होतं. अडतं ते शेवटी. गॅस कधी बंद करायचा हे फोनवरून आईलाही सांगता येत नाही, ती म्हणते "शिजलं की कर बंद", आणि शिजलं हे कळायचं कसं तेच तर माहीत नसतं. थर्मामीटर आपल्याकडे घरात तापाचा असतो, स्वयंपाकाचा नसतो. म्हणून हे नीट लिहून ठेवतेय, आणि एकच केस धरून लिहितेय, एक किलो ब्रॉयलर चिकन, विदाउट स्किन, करी कट, घरचा रस्सा. बहुतेकजण सुरुवात इथूनच करतात आणि कच्चं राहायचा प्रकारही इथेच जास्त होतो.

आधी एवढं डोक्यात ठेवा की चिकन सेफ होतं ते आतलं तापमान साधारण 74 अंश सेल्सिअसला पोचलं की. कच्च्या चिकनमध्ये साल्मोनेला, कॅम्पिलोबॅक्टर असे जंतू असू शकतात आणि ते मरायला ही उष्णता पिसाच्या अगदी मधोमध पोचावी लागते. टोपात रस्सा खदखदत असला तरी ती उष्णता बाहेरून आत जायला वेळ लागतो, पीस जेवढा जाड तेवढा जास्त. म्हणजे एकाच टोपात, एकाच वेळी, पाठीचा छोटा पीस पार शिजलेला आणि मांडीचा पीस हाडाजवळ कच्चा, असं सहज होऊ शकतं. थर्मामीटर नसेल तर आपण आतल्या रसावरून, मांसावरून आणि हाडावरून अंदाज घेतो. तिन्ही बघायचं, आणि सगळ्यात जाड पिसात बघायचं. एकट्या रंगावर तर अजिबात जायचं नाही. 2020 मध्ये नॉर्वेतल्या नोफिमा या संस्थेतल्या संशोधकांनी हेच दाखवलं होतं की चिकनच्या आतला गुलाबी रंग बऱ्याचदा लवकर जातो, जंतू पुरेसे मरायच्या आधीच. त्यामुळे "पांढरं दिसतंय, झालं" हे अर्धंच उत्तर आहे, उरलेलं अर्धं काय ते पुढे येतंच.

ज्यावर भरवसा ठेवायचा नाही ते आधी

तर्री आली म्हणजे चिकन शिजलं असं आपल्याकडे अगदी ठामपणे सांगितलं जातं. तर्री येते ती मसाला आणि वाटण नीट परतलं, उकळलं म्हणून, तेल सुटतं म्हणून. त्याचा मांडीच्या आतल्या मांसाशी काही संबंध नाही. तेल सढळ असेल तर दहाव्या मिनिटालासुद्धा टोपावर मस्त लाल तवंग दिसतो आणि आत लेग पीस कच्चा असतो.

दुसरं म्हणजे बटाटा. रश्श्यात बटाटा घातला असेल तर लोक सुरी बटाट्याला टोचून बघतात, गेली की गॅस बंद. बटाटा केवढा कापलाय त्यावर तो शिजतो, चिकनचं त्यात काहीच कळत नाही. घड्याळाचंही तसंच आहे, "वीस मिनिटं" हा आकडा कुठून कुठून ऐकलेला असतो पण तुमचा टोप जाड बुडाचा आहे का पातळ, शेगडी गॅसची का इंडक्शन, चिकन फ्रिजमधून काढून थेट टाकलं का, यावर पाच-दहा मिनिटं सहज इकडेतिकडे होतात. वेळेवरून फक्त एवढं ठरवायचं की तपासायला सुरुवात कधी करायची.

दुकानापासूनच सोपं करून घ्या

चिकनवाल्याला नुसतं "करी कट" सांगितलं की तो त्याच्या सवयीने तोडतो आणि रविवारी गर्दीत लेग बऱ्याचदा अख्खा टाकतो. त्याला सांगायचं की पीस मीडियम करा, लेगचे दोन भाग करा, म्हणजे मांडी वेगळी आणि तंगडी वेगळी, आणि दोन्हीला चिरे मारून द्या. चिरे हाडापर्यंत जायला हवेत, नुसते वरवर नकोत. यामुळे मसाला आत जातो हे सगळे सांगतात, पण उष्णताही आत लवकर जाते, आणि नंतर तपासायला तुम्हाला आत बघायची जागा तयारच मिळते.

फ्रोझन आणलं असेल तर आदल्या रात्री फ्रीझरमधून काढून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात भांड्यात ठेवा. सकाळी मांडीच्या जाड भागावर बोट दाबून बघा, आत कडक गोळा लागला तर अजून बर्फ आहे, मग थांबा. असा अर्धवट वितळलेला पीस टोपात गेला की बाहेरचं मांस शिजून तयार आणि हाडाजवळचं अजून गारच, आणि वरून बघून हे अजिबात कळत नाही.

टोपात टाकल्यापासून तपासणीपर्यंत

समजा तुम्ही चिकनला आलं-लसूण, हळद, मीठ लावून अर्धा तास ठेवलंय. कांदा, वाटण, मसाला परतून झाला की चिकन टाकून मध्यम आचेवर सहा-सात मिनिटं परता, सगळ्या बाजूंनी कच्चा चकाकता रंग जाऊन पांढुरका येईपर्यंत. हे नीट करा कारण जंतू पिसाच्या वरच्या भागावरही असतात आणि परततानाच एखादी बाजू सुटते. मग दीड-दोन कप गरम पाणी, गारेगार नको, त्याने उकळी मोडते आणि वेळ वाढतो. मांडी आणि तंगडीचे पीस खाली बुडाशी, रश्श्यात पूर्ण बुडतील असे लावा, पाठ-मान-पंख वर आले तरी चालतील. उकळी आली की आच कमी, झाकण, आणि मधे एकदा जाड पीस उलटे करा.

झाकण ठेवल्यापासून वीस मिनिटांनी पहिली तपासणी. गॅस बंद करायचा नाही, बारीक ठेवायचा. तपासेपर्यंत रस्सा चमच्याने चाखायची घाई करू नका, मीठ नंतर बघू.

पीस कुठला काढायचा

हाताला लागेल तो वरचा पीस काढणं ही सगळ्यात कॉमन चूक, कारण वर बहुतेक पंख नाहीतर पाठ येते आणि ती कधीच शिजलेली असते. तुम्ही शोधायची ती मांडी, त्यातही जी जास्त जाड दिसते ती, आणि ती मिळत नसेल तर तंगडी. छातीचा जाड तुकडा असेल तर त्याचाही एक. एका कोंबडीच्या दोन मांड्या असतात, दुकानात कापताना दोन्ही सारख्या होत नाहीत, मोठी कुठली ते टोपात टाकतानाच बघून ठेवा.

पीस पांढऱ्या प्लेटमध्ये घ्या. स्टीलच्या ताटात रसाचा रंग कळत नाही, चमकतं सगळं. आपल्या रश्श्याचा खरा प्रॉब्लेम हा आहे की हळद आणि तिखटाने सगळंच लालपिवळं झालेलं असतं, त्यामुळे पिसावरचा मसाला आधी चमच्याने खरवडून काढा, किंवा गरम पाणी वरून ओतून धुऊन टाका आणि प्लेट पुसून घ्या. एवढं केल्याशिवाय रस बघण्यात अर्थ नाही.

रस

आता टोकदार सुरी मांडीच्या सगळ्यात जाड भागात, हाडाच्या बाजूने पण हाडाला न टेकवता, खोलवर घाला. सुरी काढा आणि चमच्याच्या पाठीने त्या जागेवर दाबा. छेदातून जे पाणी येतं ते बघायचं.

शिजलेल्या पिसातून येणारा रस पाण्यासारखा किंवा फिका पिवळसर, स्वच्छ असतो. कच्च्यातून येतो तो गुलाबी, कधी लालसर, जरा गढूळ. तुम्हाला जर केशरी रंग दिसला तर गोंधळू नका, आधी तो तेलकट आहे का बघा. मसाल्याचं तेल प्लेटवर छोट्या गोल थेंबांत वेगळं राहतं, आणि ते बहुतेक चिऱ्यांतून, वरच्या भागातून येतं. कच्चा रस पाण्यासारखा पसरतो आणि खोलातून येतो. शंका असेल तर पांढरा टिश्यू त्यावर टेकवा, केशरी तेलाचा डाग आणि गुलाबी पाण्याचा डाग वेगळे ओळखू येतात.

कधी कधी रस येतच नाही. पीस जास्त शिजलाय तरी येत नाही आणि पूर्ण कच्चा असला तरी फारसा येत नाही, म्हणून "काही आलं नाही म्हणजे झालं" असं समजू नका, सरळ कापून बघा.

मांस आणि हाड

त्याच छेदातून सुरी पुढे ओढून हाडापर्यंत पीस उघडा. एक पीस जरा खराब दिसेल, दिसू दे, तो तुम्ही स्वतः खा. कच्चं मांस काचेसारखं, जरा आरपार दिसणारं, चकचकीत आणि जेलीसारखं लिबलिबीत असतं, बोटाने दाबलं तर दबतं पण रेषा वेगळ्या होत नाहीत. शिजलेल्या मांसातून आरपार काही दिसत नाही, काट्याने ओढलं की धाग्याधाग्याने सुटतं. मांडीचं मांस छातीसारखं पांढरंशुभ्र होत नाही, ते तपकिरी-राखाडीच राहतं, त्यामुळे "पांढरं का होत नाही" म्हणून अर्धा तास जास्त उकळत बसायची गरज नाही. रंगापेक्षा ही रेषा सुटणारी, सुकलेली-घट्ट झालेली ठेवण बघा, रंग आधी बदलतो आणि ही ठेवण नंतर येते.

मग हाड. तंगडीच्या बारीक टोकाला बघा, शिजलं की मांस आकसून वर सरकतं आणि हाडाचं टोक उघडं पडतं. काट्याने मांस हाडापासून ओढा, सहज सुटून हाड बऱ्यापैकी स्वच्छ निघालं तर शिजलंय. चिकटून बसलं, ओरबाडावं लागलं, हाडालगत गुळगुळीत गुलाबी थर राहिला, तर नाही. सांधा असेल तर तो पकडून फिरवा, शिजलेला सांधा ढिला होतो आणि वळतो, कच्चा ताठ राहतो, परत जागेवर येतो.

आता सगळ्यात जास्त घाबरवणारी गोष्ट, हाडाजवळचा लाल-काळपट रंग. पूर्ण शिजलेल्या चिकनमध्येही हा दिसतो. ब्रॉयलर कोंबडी जेमतेम सहा आठवड्यांची असते, तिची हाडं अजून पक्की झालेली नसतात, त्यामुळे आतल्या मज्जेतला रंग हाडातून झिरपून बाजूच्या मांसाला लागतो आणि शिजल्यावर काळपट-लाल, जांभळट दिसतो. फ्रोझन चिकनमध्ये हे अजून जास्त. करी कटमध्ये हाडं तुटलेली असतात, त्या तुटलेल्या टोकाला काळा-तपकिरी गोळा दिसतो तोही मज्जाच. हा डाग आणि कच्चेपणा यातला फरक असा करायचा: डाग हाडाला धरून एका जागी बसलेला असतो, दाबलं तरी वाहत नाही, आणि त्याच्या लगतचं मांस रेषारेषांचं, आरपार न दिसणारं असतं. कच्च्यात लाल पातळ द्रव वाहतो आणि लगतचं मांसही जेलीसारखंच असतं. मांस नीट असेल, रस स्वच्छ असेल, तर हाडाचा डाग सोडून द्या. मांसच लिबलिबीत असेल तर हाड कितीही स्वच्छ दिसू दे, टोप परत झाका.

एकदा प्रत्यक्षात काय झालं ते

माझा भाचा सांगलीहून घाटकोपरला राहायला आला, त्याने असंच एक किलो चिकन केलं आणि व्हिडिओ कॉल लावला. "मावशी, तर्री आलीये, बटाटा पण शिजलाय, बंद करू?" झाकण ठेवून किती वेळ झाला विचारलं तर म्हणाला सतरा-अठरा मिनिटं. मी म्हटलं मांडी काढ. त्याने काढला पंख, म्हणे हीच मांडी. मग टोप ढवळून बुडातून खरी मांडी काढली, दुकानदाराने लेग अख्खाच दिला होता, चिरे नाहीत काही नाहीत. गरम पाण्याने मसाला धुतला, सुरी घातली, चमच्याने दाबलं. प्लेटवर आधी केशरी तेलाचे थेंब आले आणि त्यांच्या मधून फिकट गुलाबी पाणी. मी म्हटलं उघड आता. बाहेरून साधारण बोटभर मांस छान रेषांचं आणि हाडाजवळ एक गुलाबी चकचकीत पट्टा, काट्याने ओढला तर ताणला गेला, सुटला नाही. म्हणजे तर्री, बटाटा दोन्ही झालेले आणि लेग कच्चा.

मग त्याला सांगितलं की दोन्ही लेग बाहेर काढून प्रत्येकी दोन खोल चिरे मार, परत बुडाशी घाल, अर्धा कप गरम पाणी, झाकण, बारीक आच. तोपर्यंत सुरी, काटा, प्लेट साबणाने धुवून ठेव, कारण कच्च्या रसाची तीच सुरी दुसऱ्यांदा वापरली तर शिजलेल्या पिसाला आपणच जंतू लावणार. दहा मिनिटांनी त्याने दुसरी मांडी काढली, पहिली नाही, कारण ती आधीच उघडलेली असल्याने लवकर शिजते आणि बाकीच्यांचा अंदाज देत नाही. यावेळी पाणी स्वच्छ आलं, मांस हाडावरून सरळ निघालं, हाडाच्या टोकाजवळ मात्र काळपट लाल डाग होता. तो घाबरला, दाबून बघ म्हटलं, काही वाहिलं नाही. तरी मी अजून पाच मिनिटं झाकण ठेवायला लावलं, मग गॅस बंद.

ही शेवटची पाच मिनिटं मी नेहमीच धरते. आपल्या तिन्ही खुणा म्हणजे अंदाज आहेत, तापमान मोजलेलं नाही, आणि रंग लवकर बदलतो हे वर सांगितलंच. खुणा जुळल्यावर अजून पाच मिनिटं उकळत्या रश्श्यात ठेवलं की ती कमतरता भरून निघते, आणि रश्श्यातली मांडी पाच मिनिटांनी काही कोरडी पडत नाही.

तव्यावरचे लेग आणि ब्रेस्ट

रश्श्यासारखं सगळीकडून उकळतं पाणी इथे नसतं त्यामुळे इथे जास्त सांभाळा. दही आणि लाल रंग लावलेले लेग तव्यावर टाकले की पाच मिनिटांत बाहेरून काळे डाग पडतात, दिसायला एकदम हॉटेलसारखे, आत मात्र कच्चे. रंग लावलेला असेल तर रसही लाल येतो, म्हणजे रसाची खूण जवळपास बाद, मग कापून मांस आणि हाडच बघायचं. आच बारीक, वर झाकण, दर पाच-सहा मिनिटांनी उलटायचं, उभे धरून कडाही शेकायच्या, आणि तीस-पस्तीस मिनिटं लागतील असं धरूनच बसायचं.

बोनलेस ब्रेस्ट एका बाजूला फुगीर आणि दुसऱ्या बाजूला पातळ असतो, तपासायचा फुगीर भागाच्या मधोमध, उभा छेद देऊन. आधीच आडवा चिरून दोन पातळ तुकडे केले तर सगळंच सोपं होतं. आणि कुठलंही चिकन अर्धवट शिजवून "राहिलेलं रात्री शिजवू" म्हणून ठेवू नका, त्या कोमट अवस्थेत जंतू वाढतात. एकदा सुरू केलं की पूर्णच शिजवायचं.

कुकरमध्ये केलं तरी वाफ आपोआप गेल्यावर झाकण उघडून मांडी तपासाच, मोठा पीस असेल तर दोन शिट्ट्यांत आत कच्चा राहू शकतो. आणि गावठी कोंबडी आणली असेल तर एक गोष्ट उलटी होते, तिचा रस स्वच्छ होतो, गुलाबीपणा जातो, तरी मांस हाडाला धरून आणि चिवटच राहतं, कारण ती वयाने मोठी असते. ती कच्ची नसते, फक्त मऊ व्हायची असते. तिथे मांस आरपार दिसतंय का आणि दाबल्यावर लाल पाणी येतंय का एवढंच बघा, ते नसेल तर सेफ आहे, बाकी चावता येईपर्यंत गरम पाणी घालत तास-दीड तास बारीक आचेवर राहू द्या.